आतून मोजलेला अंदाज की बाहेरून?

१९७० च्या दशकात इस्रायलमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचा गट शाळांसाठी निर्णयशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होता. वर्षभराच्या कामानंतर पुस्तक पूर्ण व्हायला अजून किती काळ लागेल, ते प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहिलं. उत्तरं दीड ते अडीच वर्षांची आली. हा आतला अंदाज. त्यात हातातली प्रकरणं आणि सध्याचा वेग मोजला जातो. आजारपणं, भांडणं, रखडलेल्या मंजुऱ्या मोजायच्या कशा, त्या अजून घडलेल्याच नसतात!

मग गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, अशा इतर गटांचं काय झालं? सुमारे ४० टक्के गटांनी काम अर्धवट सोडलं होतं, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली होती. हा बाहेरचा अंदाज. गंमत म्हणजे या तज्ज्ञानेही कागदावर अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता. पुस्तक पुढे आठ वर्षांनी पूर्ण झालं.

माझं मत बाहेरच्या अंदाजाला. आधी जुन्या कामांचे प्रत्यक्ष कालावधी मांडावेत, मग आपला गट त्यांत कुठे बसतो ते पाहून आकडा थोडाच सरकवावा. मात्र ‘आमचं काम वेगळं आहे’ म्हणत सोयीची उदाहरणं निवडली आणि फसलेली कामं यादीतून गाळली, तर बाहेरचा अंदाजही आतल्याइतकाच गोड येतो.