जी सेव्हनवर कोणती स्केल: ऑल्टर्ड की लिडियन डॉमिनंट?

दोन्ही स्केल मेलडिक मायनरमधूनच निघतात. जी ऑल्टर्ड म्हणजे ए-फ्लॅट मेलडिक मायनर, फक्त जीपासून सुरू केलेली. जी लिडियन डॉमिनंट म्हणजे डी मेलडिक मायनर. कोणती घ्यायची, हे पुढचा कॉर्ड ठरवतो.

जी सेव्हननंतर सी मायनर येत असेल, तर मी ऑल्टर्डच घेईन. तिचा ए-फ्लॅट अर्ध्या स्वराने उतरून जीवर, डी-फ्लॅट तसाच सीवर टेकतो आणि ई-फ्लॅट जागचा न हलता नव्या कॉर्डचा तिसरा स्वर होतो. ताण सुटल्याचं स्पष्ट ऐकू येतं.

पण एफ मेजरमध्ये हाच जी सेव्हन दोन बार थांबून जी मायनर सेव्हनकडे गेला, तर त्या ताणाला सुटायला जागाच नसते. तिथे लिडियन डॉमिनंट शोभते: ए, डी आणि ई नैसर्गिक राहतात, फक्त सी-शार्प चमकतो.

एक धोका मात्र आहे. चालीत किंवा पियानोवाल्याच्या हाताखाली ई नैसर्गिक असेल, तर तुमचा ई-फ्लॅट त्याला थेट घासतो आणि ऐकणाऱ्याला तो चुकलेला स्वर वाटतो. म्हणून आधी साथीतला तेरावा स्वर ऐका.