'मीठ लागत नाही' म्हणाला तिथेच त्याला बाहेर काढायला हवं होतं – माझे 18,246 रुपये गेले

जड पाणी मऊ करतो म्हणून मला शॉवर फिल्टर विकून गेला, काल बी विंगच्या लिफ्टपाशी तसाच एक पोरगा दिसला, पाठीवर तशीच काळी बॅग, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितेय.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला. नळाचं पाणी पुरत नाही, मग टँकर आणि बोअरिंग सगळं एकाच टाकीत. नळाचं धरणाचं पाणी तसं मऊ असतं, जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं, असतं ते बोअरचं. दोन वर्षांत माझे केस झाडूसारखे झाले, धुतले तरी चिकट आणि वाळले की कडक. त्यामुळे दारात आलेल्या माणसाने "ताई, तुमचे केस पाण्यामुळे गेलेत" म्हटल्यावर मी आत घेतलं. निदान खरं होतं हो त्याचं, तिथेच तर फसले.

त्याने बाथरूमचं पाणी ग्लासात घेतलं, त्यात दोन सळया बुडवून करंट सोडला, दोन मिनिटांत गाळ. ही ट्रिक मला माहीत होती! ती घाण पाण्यातली नसते, लोखंडी सळई झिजून येते, क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात येणार, पिण्यासारखं असलं तरी. पण मग त्याने 'फिल्टरचं पाणी' घेतलं, ते स्वच्छ राहिलं, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर आधी 640 आणि मग 38. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, ते दुसरं पाणी त्याने आमच्या शॉवरमधून घेतलंच नव्हतं, बॅगेतल्या बाटलीतून ओतलं, "डेमो युनिटचं आहे" म्हणून. आरओचं असणार. शॉवरवर लावायच्या डब्यातून टीडीएस 38 वर येऊच शकत नाही, आणि पाणी मऊ करणारा खरा सॉफ्टनर असला तरी टीडीएस जवळपास तेवढाच राहतो कारण तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो.

माझी जाऊ तिथेच बसली होती, तिने विचारलंसुद्धा, "यात मीठ कधी टाकायचं?" तिच्या माहेरी सोसायटीला मोठा सॉफ्टनर आहे. तो हसून म्हणाला, "आपल्या टेक्नॉलॉजीत मीठ लागत नाही." आणि मी, मी तिलाच गप्प केलं.

दोन फिल्टर 12,998, तीन जादा कार्ट्रिज 2,850, आणि 'केलेटिंग रिन्स'च्या दोन बाटल्या 2,398. यूपीआयने दिले, बिल "व्हॉट्सअपवर येईल", ते आलंच नाही. आधी यूपीआय आणि मग बिल असं कधीच करू नका.

मी काय बावळट नाहीये, पहिले दोन आठवडे केस खरंच चमकले. नंतर रिन्सच्या बाटलीवरचं बारीक वाचलं तर त्यात सिलिकॉन आणि सुगंध, ना ईडीटीए ना सायट्रिक ॲसिड. म्हणजे केसांवरचा कॅल्शियमचा थर निघालाच नव्हता, वरून पॉलिश मारलं होतं. केलेटिंग म्हणजे कॅल्शियमला पकडून केसांवरून सोडवणारं काहीतरी आत हवं, लेबलवर डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए शोधा. त्यातही यादीच्या अगदी शेवटी असेल तर ते बहुतेक शाम्पू टिकावा म्हणून घातलेलं असतं.

मग मत्स्यालयाच्या दुकानातून जडपणा मोजायचं थेंबांचं किट आणलं. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम. फिल्टरच्या आधी 22 थेंब, नंतरही 22. म्हणजे जवळपास 400. भाचा केमिकल इंजिनिअर, त्याने हिशोबच मांडला, त्या डब्यात कॅल्शियम धरून ठेवणारं पाव लिटर चांगलं रेझिन असलं आणि ते पूर्ण वापरलं गेलं असं धरलं तरी या पाण्यात 60 लिटरला ते संपणार, तीन-चार बादल्या फक्त! मग मिठाच्या पाण्यानेच ते पुन्हा चार्ज करावं लागतं. शॉवर फिल्टर क्लोरीन कमी करतात, ते काम ते करतात, पण जडपणाचं नाव घेतलं की दार लावा.

पोलीस चौकीत गेले तर "मॅडम, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" म्हणाले. दोन तास बाकावर बसवून तक्रारीचा कागद परत हातात. ग्राहक तक्रारीसाठी बिल मागितलं. पाण्याच्या ऑफिसात म्हणे टँकरचं पाणी आमचं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी तर वर मलाच, "तुम्ही त्याला घरात घेतलंत कशाला?" अहो, गेटवर रजिस्टरमध्ये त्याचं नाव नाही, वॉचमनने सोडलं कसं ते विचारा ना! प्रत्येकजण माझंच डोकं तपासतोय, पाणी कोणी तपासत नाहीये.

सध्या दहा दिवसांतून एकदा ईडीटीएवाला शाम्पू, मग कंडिशनर भरपूर, नाहीतर केस कोरडे पडतात. शेवटचे दोन तांबे किचनमधल्या आरओच्या पाण्याचे. घाईत असले तर लिटरभर पाण्यात पाव चमचा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिडच, दोन मिनिटं ठेवून धुवून टाकते, डोळ्यात गेलं तर झोंबतं. लिंबूफुलाचं पाकीट 30 रुपयांचं आहे.