एफडीवर खरंच किती मिळालं? माझ्या हिशेबाच्या शीटचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने मी गूगल शीटवर एक छोटा हिशेब ठेवते आहे. बँकेने दिलेल्या व्याजातून कर आणि महागाई वजा केली की हातात काय उरतं, एवढंच त्यात बघायचं. आधी तीन ठेवी आणि रोख्यांत पैसे गुंतवणारा एक डेट फंड भरला, मग आईच्या ठेवीही. या सगळ्यांत एका ठेवीने मला सर्वात जास्त शिकवलं, म्हणून तीच सविस्तर सांगते.

मार्च 2022 च्या शेवटच्या दिवशी मी गोरेगावच्या शाखेत 5 लाखांची तीन वर्षांची एफडी केली. दर 5.4 टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात जमा होणार. मुदत संपल्यावर खात्यात 5,87,293 रुपये आले. पावतीसोबतच्या पत्रकात 'वार्षिक उत्पन्न 5.82 टक्के' असं छापलं होतं. तीन वर्षांचं एकूण व्याज मुद्दलाने भागून त्याला तीनने भागलं की हा आकडा येतो. व्याजावरचं व्याज त्यात सरळ वाटून टाकलेलं असतं, त्यामुळे मुदत जितकी लांब तितका तो फुगतो. खरा वार्षिक दर 5.51 टक्के होता.

आता कर. माझं उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात येतं, उपकर धरून 31.2 टक्के. वर्षाचं व्याज तेव्हाच्या 40,000 रुपयांच्या मर्यादेखाली असल्यामुळे बँकेने टीडीएस कापला नाही, आणि पहिल्या वर्षी मी कर नाही असंच धरून चालले होते. विवरणपत्र भरताना आयकर खात्याचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडलं तर त्यात 27,552 रुपये व्याज नोंदलेलं. ठेव अजून मोडलेली नाही, पैसे हातात आलेले नाहीत, तरी त्या वर्षी जमा झालेल्या व्याजावर त्याच वर्षी कर लागतो. तीन वर्षांत 8,596, 9,070 आणि 9,570 असा एकूण 27,236 रुपये कर मी पगारातून भरला. ठेवीच्या पासबुकात तो कुठेच दिसत नाही. म्हणूनच बहुतेकांच्या हिशेबातून तो सुटतो.

शीटमध्ये मी एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा ठेवते. खिशातून गेलेले पैसे उणे, हातात आलेले अधिक. सोयीसाठी कर त्या त्या वर्षीच्या 31 मार्चलाच भरला असं धरलं आहे. शेवटच्या ओळीत त्या वर्षीचा कर वजा करूनच रक्कम लिहिली. खालचं पहिलं सूत्र करानंतरचा वार्षिक परतावा काढतं, दुसरं वार्षिक महागाई, आणि तिसरं महागाई काढून टाकल्यावरचा खरा परतावा.

```
31-03-2022   -500000
31-03-2023     -8596
31-03-2024     -9070
31-03-2025    577723

=XIRR(B1:B4, A1:A4)        → 3.79%
=(192/167.7)^(1/3)-1       → 4.61%
=(1+3.79%)/(1+4.61%)-1     → -0.78%
```

उणे चिन्ह द्यायला विसरलं की पहिल्या सूत्रात `#NUM!` येतं. ती चूक लगेच कळते. कराची ओळच राहून गेली तर मात्र शीट काही बोलत नाही, शांतपणे 5.51 दाखवते. आता मी उत्तर आलं की ते मूळ व्याजदराशी ताडून बघते. कर लागू असलेल्या ठेवीचा आकडा बँकेच्या दराजवळ आला तर काहीतरी सुटलं आहे असं समजायचं.

दुसऱ्या सूत्रातले 167.7 आणि 192 हे मार्च 2022 आणि मार्च 2025 चे अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक आहेत, 2012 हे पायाभूत वर्ष 100 धरून. सुरुवातीला मी बातमीत त्या महिन्यात दिलेला महागाईचा दर घेत होते. तो फक्त मागच्या एका वर्षाचा असतो. तीन वर्षांच्या ठेवीला तीन वर्षांच्या दोन टोकांचे निर्देशांकच लागतात, आणि दोन्ही एकाच पायाभूत वर्षाच्या मालिकेतले.

रुपयांत सांगायचं तर मार्च 2022 मध्ये 5 लाखांत जे येत होतं त्याला मार्च 2025 मध्ये 5,72,451 रुपये लागत होते. कर भरून माझ्याकडे 5,60,057 उरले. म्हणजे तीन वर्षं पैसे अडकवून मी 12,394 रुपयांनी मागेच पडले. हे बघितल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण ठेव केली तेव्हा मी निर्धास्त होते.

या शीटचा सर्वात उपयोगी भाग मी चौथ्या महिन्यात जोडला. कर लागतो तो पूर्ण व्याजावर, महागाईने खाल्लेल्या भागावरसुद्धा. म्हणून महागाईशी बरोबरी करायची तरी किमान किती दर हवा, हे महागाईला करानंतर उरणाऱ्या वाट्याने भागून काढते. माझ्यासाठी 4.61 भागिले 0.688, म्हणजे 6.70 टक्के. बँकेने 5.51 दिले. 20.8 टक्के कर भरणाऱ्याला हाच किमान दर 5.82 पडतो. गिरगावात राहणाऱ्या माझ्या आईला कर लागत नाही, तिला 4.61 पुरतो. तिने त्याच आठवड्यात तिच्या पैशांची तशीच ठेव केली होती, ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त, तिमाही व्याजावर व्याज धरून 6.03 टक्के. तिचा खरा परतावा अधिक 1.36 टक्के आला. मी तिला आकडा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग तू का ठेवतेस तिथे?" मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही.

डेट फंडाच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागली. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिट्सवरचा नफाही माझ्याच टप्प्याने करपात्र आहे, पण कर विकताना एकदाच लागतो. त्यामुळे शीटमध्ये मधल्या वर्षांच्या कराच्या ओळी येत नाहीत, फक्त शेवटची. फंडाचा खर्च युनिटच्या किमतीतून, म्हणजे एनएव्हीतून, आधीच वजा झालेला असतो. मी तो पहिल्या महिन्यात पुन्हा वजा करून फंडावर अन्याय केला होता.

या हिशेबाची खरी कमजोरी महागाईच्या आकड्यात आहे. सरकारी निर्देशांकात खाद्यपदार्थांचं वजन खूप मोठं आहे. मुंबईत आमच्या घरचा खर्च वेगळ्याच गोष्टींवर जातो: सोसायटीचं मेंटेनन्स, मुलीच्या शाळेची फी, सासऱ्यांची औषधं. म्हणून मी स्वतःची एक यादी केली. आधी चूक अशी झाली की मी दोन्ही मार्चचा एकूण खर्च घेतला. त्यात मधल्या काळात सुरू केलेला पोहण्याचा क्लास आणि मोठं इंटरनेट पॅकही आलं. ती महागाई नाही, आम्ही वाढवलेला खर्च आहे. मग त्याच वस्तू, तेवढ्याच प्रमाणात, दोन्ही वेळच्या भावाने लिहिल्या. महिन्याचे 38,400 रुपये 46,100 झाले होते, म्हणजे वर्षाला 6.28 टक्के. या मापाने माझ्या ठेवीचा खरा परतावा उणे 2.34 टक्के येतो. मी दोन्ही आकडे शेजारी ठेवते. बँका किंवा फंड एकमेकांशी ताडायचे तर सरकारी आकडा बरा, आणि मुलीच्या कॉलेजसाठी किती साठवायचं हे ठरवताना माझी यादी.

सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम मी अजूनही एफडीतच ठेवते, परतावा उणे असला तरी. ते पैसे रात्रीबेरात्री लागले तर मोडता यायला हवेत, आणि त्यासाठी वर्षाला पाऊण टक्का गेला तर मला चालतो. बाकीची एक ठेव मुदत संपल्यावर नूतनीकरणाला आली होती. शाखेतल्या बाईंनी नवा दर सांगितला, मी फोनवर शीट उघडली, किमान दराच्या खाली दिसला आणि पैसे बचत खात्यात घेऊन घरी आले.