पटाचा फोटो गेला, पण पोझिशन वाचली: काही महिने FEN वापरल्यानंतर

फोन रिपेअरला टाकला तर सर्व्हिस सेंटरवाल्यानं न विचारता फॉरमॅट मारला, बुद्धिबळाच्या पटांचे सगळे फोटो साफ! वाद घालून काय होणार होतं, फोटो काही परत आले नाही. वाचल्या त्या फक्त FEN मध्ये, म्हणजे अख्खा पट एका ओळीत अक्षरं-आकड्यांनी लिहायच्या पद्धतीत, लिहून मित्राला पाठवलेल्या पोझिशन. आमच्या इथं नागपुरात रविवारचे डाव हॉल बंद व्हायच्या वेळेला हमखास अर्धवट राहतात, म्हणून ही सवय लावली होती.

त्यातलीच एक पोझिशन ही:

```
6k1/R4p2/6p1/P6p/7P/6P1/1r3PK1/8 b - - 0 1
```

आठव्या ओळीपासून खाली यायचं, पांढऱ्याची अक्षरं मोठी, काळ्याची छोटी, आकडा म्हणजे रिकामी घरं. प्रत्येक ओळीची बेरीज आठ आली पाहिजे हे सगळ्यांना माहीत आहे, अन् माझाही पहिले त्यावरच भरवसा होता. आता नाही बा. सातव्या ओळीत `R4p2` ऐवजी `R5p1` लिहिलं तरी बेरीज आठच येते, साईट काही बोलत नाही, पण प्यादं f7 वरून g7 वर सरकतं अन् काळ्याची g फाइलवर दोन प्यादी होतात. म्हणून मी आता प्रत्येक ओळ उजवीकडूनही मोजतो: h रिकामं, g रिकामं, मग f वर प्यादं.

पण माझा खरा जीव अडकतो तो त्या एका `b` मध्ये. चाल कोणाची, हे कोणताच फोटो सांगत नाही! इथं काळ्याची असेल तर हत्ती लगेच a2 वर, प्याद्याच्या मागं येतो. पांढऱ्याची असेल तर त्याआधीच प्यादं a6 ला पोचून जातं. दोन वेगळ्याच गोष्टी झाल्या ना. पटावरून उठताना मी हे अक्षर सगळ्यात आधी लिहून घेतो, बाकीचं नंतर.

पुढच्या `-` ची जागा कॅसलिंगची, अन् तिथंही फोटो फसवतोच. राजा e1 वर, हत्ती h1 वर दिसला की लोकं सरळ `K`, म्हणजे पांढऱ्याला राजाच्या बाजूचं कॅसलिंग बाकी आहे, असं लिहून देतात, मग इंजिन तेच कॅसलिंग, O-O, सुचवून राहिलं, अन् राजा तर आधीच एकदा हलून परत आलेला! समोरच्याला विचारून लिहायचं, आठवत नसेल तर दोन्ही धरून तपासायचं. दुसरी `-` एन पासांची, ती मागच्या चालीत प्यादं दोन घरं गेलं असेल तरच बदलते.

शेवटचे `0 1` म्हणजे ५० चालींची मोजणी अन् चाल नंबर, माहीत नसले तर असेच ठेवतो, विश्लेषणाला चालून जातं. तीनदा तीच पोझिशन आली का, हे मात्र या ओळीत मावतच नाही, त्यासाठी चालींचा कागदच जपावा लागतो.