मे महिना: कणकवलीला आजीकडे की डोंबिवलीत शिबिराला?

मार्च उजाडला की सोसायटीच्या गेटवर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात आणि त्याच सुमाराला गावाहून फोन येतो, "चेडवाक कधी धाडतास?" दोन्हीकडे उत्तर द्यायची वेळही साधारण एकच असते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २ मेच्या कोकणकन्येत जागा हवी असेल तर ३ मार्चच्या सकाळी तिकीट काढायला बसावं लागतं. शिबिरवाल्यांची "लवकर नोंदणी केलीत तर सवलत" हीसुद्धा तेव्हाच चालू असते. एप्रिलमध्ये बघू म्हणणाऱ्याच्या हाती वेटिंगचं तिकीट आणि भरलेली बॅच येते.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. नऊ वर्षांची मुलगी, चौथीत जाणारी. आईबाबा दोघंही नोकरीला, सकाळी नऊला बाहेर पडून सातला घरी येणारे. आजी-आजोबा कणकवलीजवळच्या गावात. शिबिर घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, साडेनऊ ते साडेबारा, सोमवार ते शुक्रवार, दोन आठवडे.

फीच्या आधी तास मोजा. दोन आठवड्यांच्या कामाच्या दिवसांत आईबाबा शंभर तास घराबाहेर आहेत. शिबिर त्यातले तीस तास सांभाळतं. उरलेले सत्तर तास कोणाकडे? शिवाय साडेनऊला सोडायचं कोणी आणि साडेबाराला आणायचं कोणी? शेजारच्या काकू, पाळणाघर, आलटून पालटून रजा, काहीतरी उत्तर लागतंच, आणि त्याचा खर्च शिबिराच्या फीत धरलेला नसतो. बहुतेक घरांत हे सत्तर तास शेवटी टीव्ही आणि मोबाइलकडे जातात. "मुलं गावाला नुसती उनाडतात, शिबिरात निदान काहीतरी शिकतात" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

आता शिकण्याचं. तीस तासांत काय येतं हे त्या त्या कौशल्यावर आहे. पोहणं येतं: रोज पाऊण तासाची तीन-एक आठवड्यांची बॅच नीट केली तर बरीच मुलं पाण्यावर तरंगायला आणि थोडं अंतर कापायला शिकतात. बुद्धिबळाची ओळख होते. सायकल येते, पण त्यासाठी शिबिर कशाला? रोबोटिक्समध्ये मुलं सूचना बघून तयार संच जोडतात, शेवटच्या दिवशी गाडी चालते, फोटो निघतात आणि बहुतेक ठिकाणी संच तिथेच ठेवून यायचं असतं. आणि मातीकाम, नाट्य, झुंबा, सुलेखन, "व्यक्तिमत्त्व विकास" असे दहा दिवसांत दहा विषय असतील, तर ते चांगलं सांभाळलेलं पाळणाघर आहे असं समजून पैसे द्यावेत. त्यातही वाईट काही नाही, फक्त कौशल्याच्या नावाने देऊ नयेत. नाव घालण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा: एका शिक्षकामागे मुलं किती, आणि पाचव्या दिवशी नेमकं काय घेणार? दुसऱ्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं तर समजून जा.

गावाकडच्या बाजूला मोकळी हवा आणि आंबे हे सगळे सांगतात. निर्णय मात्र तिथे आणखी मुलं आहेत का, यावर ठरतो. चुलत-आते भावंडं मेमध्ये येणार असतील, वाडीत बरोबरीची दोन-तीन पोरं असतील, तर मुलगी सकाळी जी खळ्यात उतरते ती जेवायलाच घरात दिसते. ती एकटीच असेल तर तिसऱ्या दिवशी "मला घरी यायचंय" सुरू होतं आणि आजोबा नाइलाजाने स्वतःचा फोन तिच्या हातात देतात. तेव्हा आजीला फोन करा आणि "पाठवू का?" हे विचारण्याआधी "यंदा कोण कोण येणार?" हे विचारा.

दुसरी गोष्ट, मे महिन्यात कोकणातल्या घराला पावसाळ्यापूर्वीची कामं असतात आणि त्यांत मुलांना खरा वाटा मिळतो. आमसुलंच घ्या. पिकलेले रातांबे फोडून आतला गर आणि बिया काढतात, त्या गराच्या रसात मीठ घालून सालं बुडवतात आणि उन्हात घालतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस, पुन्हा ऊन. असं काही दिवस चाललं की साल काळपट लाल आणि लवचीक होते. सालं पसरायची, कोंबड्या हाकलायच्या, संध्याकाळी सगळं आत घ्यायचं, हे नऊ वर्षांच्या मुलीचं काम. एखाद्या दुपारी वळवाचं आभाळ आलं आणि तिचं लक्ष नसलं तर माल भिजतो, आणि तिला काय ऐकावं लागतं ते लागतं. आपल्या हातून घरचं खरंखुरं नुकसान होऊ शकतं ही जबाबदारी शिबिरात मिळत नाही, तिथे मुलांच्या हातात देतात ते सगळं बिघडलं तरी चालण्यासारखं असतं.

पण गाव म्हणजे सुरक्षित हे गृहीत धरू नका. कोकणात उन्हाळ्यात लाल विंचू निघतो, लाकडांच्या राशीत, चिऱ्यांच्या फटीत, कधी चपलेत. लहान मुलांना तो फार घातक ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचं दाखवून दिलं आणि पूर्वी दगावणारी मुलं वाचू लागली. पण त्यासाठी मूल वेळेत डॉक्टरकडे पोचलं पाहिजे. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं यांतलं काही दिसण्याची वाटही बघू नये, उतारा-मंत्रात वेळ घालवू नये. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, रात्री गाडी कोणाची, १०८ ला फोन लावायला रेंज कुठे मिळते, हे सोडायला जाल तेव्हा स्वतः बघून या. विहिरीला कठडा आहे का, तेही.

आणि आजीचे गुडघे. सत्तरीतल्या बाईला एक नात सोसते. तीन नातवंडं महिनाभर, तीही मेच्या टंचाईत लांबून पाणी आणावं लागत असेल तर, हा तिच्यावर अन्याय आहे. ती "नको" कधीच म्हणणार नाही, म्हणून विचार आपण करायचा. दहा-पंधरा दिवस पुरे. किराणा भरून द्यावा, कामाला येणाऱ्या बाईचे महिन्याचे पैसे आपण द्यावेत. मुलीला स्वतंत्र बर्थ घेतलात तर पाच वर्षांनंतर पूर्ण भाडं पडतं, शिवाय सोडायला आणि आणायला मोठ्या माणसाच्या फेऱ्या. तेव्हा गाव फुकट पडत नाही, पण या घराच्या बाबतीत शिबिर अधिक पाळणाघर यापेक्षा स्वस्तच पडेल.

या मुलीसाठी मी असं करेन: शाळा सुटल्यावर आधी फक्त पोहण्याची बॅच, तीही सकाळी सातची, म्हणजे आईबाबांपैकी कोणी नेऊ शकेल. मग भावंडं ज्या दिवसांत गावात आहेत तेव्हाचे पंधरा दिवस कणकवली. तलावात पोहता येणाऱ्या मुलीला विहिरीत किंवा नदीत एकटं सोडायचं नाही, हे आजोबांना आणि तिला समोरासमोर बसवून सांगायचं. भावंडं येणार नसतील तर आठवडाभरच, तोही आईने किंवा बाबाने रजा काढून सोबत राहायचं. मुलगी तेरा-चौदाची असती आणि तबला, बुद्धिबळ किंवा कोडिंग आधीपासून मनापासून करत असती, तर मी शिबिराकडे झुकलो असतो आणि गाव गणपतीवर ढकललं असतं. परतीचं तिकीट मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यातलंच काढा. जूनमध्ये पाऊस लागला की वाडीतली वीज जायला लागते, आणि मुंबईकडे परतणाऱ्यांची झुंबड उडते ती वेगळीच.