जुने रनिंग शूज घेताना माझे ३,२०० रुपये गेले. तुमचे जाऊ देऊ नका

विक्रेत्याने सांगितले होते की हे शूज जेमतेम ८० किलोमीटर धावले आहेत, आणि खालच्या रबराची नक्षी इतकी कोरी होती की त्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. मी ३,२०० रुपये यूपीआयने दिले. त्या रबराच्या वरचा फोमचा थर, म्हणजे मिडसोल, पूर्ण मेलेला होता. हा फोम हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेला असतो. धावताना ते पुन्हापुन्हा दबून अखेर दबलेलेच राहतात, आणि साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर धक्का शोषणे कमी होते, मग रबर कितीही शाबूत दिसो.

मिडसोलच्या कडेवरून बोट फिरवले तेव्हा बोटाला पांढरी भुकटी लागली, तो क्षण आजही मला जाळतो. ‘साफ करताना पावडर लावली होती’, असे तो म्हणाला. प्रत्यक्षात तो रंग होता आणि त्याखाली आडव्या सुरकुत्या लपवलेल्या होत्या. पार्किंगच्या अंधुक उजेडात, समोरचा माणूस इतक्या नम्रतेने बोलत असताना, रंग खरवडून कोण पाहतो? तुम्ही मात्र पाहाच. टाचेजवळ अंगठ्याने जोरात दाबा. फोम दगडासारखा लागला किंवा दबलेली जागा लगेच वर आली नाही, तर पैसे देऊ नका. जोडी सपाट टेबलावर ठेवून मागून बघा; एखादी टाच आत किंवा बाहेर कललेली असेल, तर फोम एका बाजूने बसलेला आहे.

इनसोल काढू लागलो तर ‘चिकटवलेला आहे, फाटेल’ म्हणून त्याने अडवले. घरी काढला, तेव्हा त्यावर परक्या पायाचा काळा, खोलगट ठसा होता. पुढे बोटांच्या बेचक्यांत नायटा झाला. डॉक्टर आणि मलम यांचे ८५० रुपये वेगळेच. बुरशीचे बीजाणू बुटात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून जुना इनसोल फेकून नवा घालावा, आतून बुरशीनाशक फवारा मारावा आणि जोडी पूर्ण वाळू द्यावी. कढत पाण्यात बुडवू नये, कारण त्याने डिंक सुटतो.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की वस्तू हातात मिळाली आहे, तेव्हा हा आपसातला व्यवहार आहे. हेल्पलाइनवरून पुन्हा पोलिसांकडेच पाठवले. ज्या अॅपवर जाहिरात होती, त्यांचे उत्तर एका ओळीचे: विक्रेत्याचे खाते बंद झाले आहे. रंग फासून मेलेला माल विकणे ही फसवणूक नाही, तर मग फसवणूक कशाला म्हणायचे, हे या तिघांपैकी एकानेही मला सांगितले नाही. लेखी तक्रारीची पोचसुद्धा मला भांडून घ्यावी लागली.

बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलावर बहुधा उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. ते खरवडलेले असेल, तर तिथूनच परत फिरा. आणि पैसे द्यायचे ते दिवसाउजेडी, इनसोल स्वतःच्या हाताने बाहेर काढून झाल्यावरच.