कंटेंट कॅलेंडर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गच्चीवरच्या बागेचा माझा ब्लॉग जूनमध्ये सुरू झाला. कॅलेंडर म्हणजे गूगल शीट्समधला एक साधा तक्ता. पहिल्या आवृत्तीत मी वर्षभरातल्या प्रत्येक मंगळवार-शुक्रवारपुढे विषय लिहून टाकला होता. उत्साहात तीन आठवड्यांत सहा लेख टाकले आणि जुलैच्या मध्याला गाडी अडली. विषय भरपूर होते, पण फोटो नव्हते. शुक्रवारी ‘टोमॅटोची काढणी’ असं लिहिलेलं, आणि कुंडीत रोपही नाही!

मग तक्ता उलटा केला. आधी वाचकाला लेख कधी लागेल ते लिहायचं, त्यावरून माझी पेरणी ठरवायची. आमच्याकडे हिवाळी टोमॅटोचं बी ऑगस्टच्या अखेरीस पेरतात, म्हणून मी माझं 20 जुलैला, पत्र्याच्या आडोशाला पेरलं. रोपं कुंडीत लावण्याजोगी व्हायला साधारण 25 ते 30 दिवस लागतात, त्यामुळे पेरणीचा लेख फोटोंसकट ऑगस्टच्या मध्याला तयार झाला. पुनर्लागवडीचा सप्टेंबरमध्ये, पहिल्या पिकल्या फळांचा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. एका पिकाचे तीन लेख झाले आणि मी वाचकाच्या महिनाभर पुढे राहिलो. पावसात सात रोपं बुडाशी कुजली, त्याचा चौथा लेख झाला. तो कुठल्याच तक्त्यात नव्हता.

दुसरा बदल मला जास्त उपयोगी पडला. आता तारीख फक्त फोटोंसकट तयार लेखालाच मिळते, बाकीचे नुसते रांगेत. वरच्या कोपऱ्यात तयार लेखांचा ‘शिल्लक’ नावाचा आकडा ठेवलाय. तो तीनाच्या खाली आला की नवीन पिकाला हात न लावता बारमाही विषय घ्यायचा: कोकोपीट भिजवणं, कुंडीची भोकं, पाणी किती. हे एका संध्याकाळी लिहून होतं. दर पंधरवड्याला एक लेख, एवढाच वेग ठेवलाय. दिवाळीत गावी होतो तेव्हा शिल्लक चारवरून दोनवर आली, पण खाडा पडला नाही.

वर्डप्रेसमध्ये लेख आधीच शेड्यूल करत असाल तर दोन गोष्टी बघा. माझ्या साइटचा टाइमझोन UTC राहिला होता, म्हणून सकाळी 6 चा लेख साडेअकराला दिसायचा. तो Settings > General मध्ये बदलता येतो. दुसरं असं, की वर्डप्रेसचं वेळापत्रक साइटवर कुणी आलं तरच हलतं. नव्या ब्लॉगवर पहाटे कोण येणार? दोनदा यादीत ‘Missed schedule’ दिसलं. होस्टिंगच्या पॅनेलमधून दर 15 मिनिटांनी हे वेळापत्रक आपोआप हलवणारा क्रॉन लावल्यापासून तसं झालेलं नाही.

एक खोट मात्र अजून आहे. एप्रिल-मेची पानं रिकामीच आहेत. उन्हाळ्यात गच्चीवर माझंच काही जगत नाही, तर फोटो कशाचे काढू? सध्या तिथे ‘हिरवी जाळी, किती टक्क्यांची?’ एवढंच लिहून ठेवलंय.